कुंकळ्ळीचे हुतात्मे : चार दिवसांची वही

१३ जुलै, वसई

गाडी रात्रीची होती, म्हणून सकाळी दाजींना घेऊन गासला गेलो. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले. गोव्याला चाललोय म्हटल्यावर त्यांनी पोहायची चड्डी बॅगेत टाकली होती. जुलैत समुद्रात कोणी पाय घालू देणार नाही आणि आपण चाललोय थडगी बघायला, हे मी गाडी सुटेपर्यंत त्यांना सांगितलं नाही.

गासच्या चर्चचा संत आमच्या वसईचाच, गोन्सालो गार्सिया. त्याच्या नावाचं कॉलेज आहे, शाळेतल्या पोरांनाही त्याची गोष्ट ठाऊक असते. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इथे जन्मला, आई इथली आणि वडील पोर्तुगीज, असं सांगतात. जेझुइट संघाच्या पाद्र्यांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, काही काळ व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात शिरला आणि १५९३ साली दुभाषा म्हणून पुन्हा जपानात उतरला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकलं, त्यात तो होता. त्याआधी जवळजवळ सगळ्यांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापल्या होत्या आणि ऐन थंडीत क्योटोपासून नागासाकीपर्यंत महिनाभर धिंड काढली होती. १८६२ साली रोमने त्याला संत केलं. भारतात जन्मलेला पहिला संत, हे वसईत कोणीही छाती पुढे काढून सांगतं, मग तो चर्चला जाणारा असो की वज्रेश्वरीला.

चर्चजवळ शेजारच्या वाडीतली मावशी भेटली. कुठे निघालात विचारलं, मी म्हटलं दक्षिण गोव्यात, कुंकळ्ळीला. ती म्हणाली, "तिथंपण पाद्री मारले ना? आमचा बरा, लांब मेला."

मावशी सहज बोलून गेली, पण हे वाक्य चारही दिवस माझ्या डोक्यात राहिलं. नागासाकीत मारायचा हुकूम जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याचा. त्याचे वंशज वसईत नाहीत, पंचायतीत नाहीत, बांधाला बांध लागून नाहीत. त्यामुळे गोन्सालोची आठवण वसईत कोणाच्या अंगावर येत नाही. दरवर्षी सण होतो, केळीच्या बागांतून मिरवणूक निघते, हिंदू शेजारी बघायला येतात. कोणाला मान खाली घालावी लागत नाही.

गाडीत दाजींना बाकीचं सांगितलं. हिदेयोशी चिडला त्यामागे एक जहाज होतं, 'सान फेलिपे'. १५९६ च्या ऑक्टोबरात ते जपानच्या किनाऱ्याला आदळलं, माल जप्त झाला. त्याच्या सुकाणूवाल्याने दरडावण्यासाठी म्हणे बढाई मारली की आमचा राजा आधी पाद्री पाठवतो, मग सैन्य. तो नेमकं काय बोलला यावर जेझुइट आणि फ्रान्सिस्कन पुढे कित्येक वर्षं एकमेकांना दोष देत राहिले. हिदेयोशीला मात्र तेवढं पुरलं.

"आणि कुंकळ्ळीत?" दाजींनी विचारलं.

"तिथे आधी सैन्य आलं, मग पाद्री."

१४ जुलै, मडगाव आणि असोळणा

पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे हळूच चालते, त्यात आमची गाडी रत्नागिरीच्या पुढे तासभर उभी. मडगावला उतरलो तेव्हा ऊन-पावसाचा खेळ चालू होता. चहा, पाव-भाजी, आणि थेट होली स्पिरिट चर्च.

या चर्चला मी एका पोरासाठी गेलो होतो. आजची इमारत १६७५ ची, पण जागा जुनी. इथे दामोदराचं देऊळ होतं, देव पुढे जांबावलीला नेला. तो पोर इथल्या जुन्या चर्चमध्ये पुरला होता. नाव अल्फोन्स. मडगावचा की वेर्ण्याचा यावर जुन्या लिखाणात एकमत नाही. पाद्री पाशेकोच्या हाताखाली पूजेची कामं करणारा पोरगा. पाद्र्याचं प्रार्थनेचं पुस्तक सांभाळणं हे त्याचं काम, आणि कुंकळ्ळीत त्याने ते सोडलं नाही. लोकांनी त्याचे हात तोडले, पळू नये म्हणून गुडघे कापले. तशा अवस्थेत तो दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत होता. मग कोणाच्या तरी नजरेस पडला आणि मारला गेला.

चर्चमध्ये त्याच्या नावाची पाटी मला दिसली नाही. लाकडी वेदीवर सोन्याचा मुलामा, खिडक्यांत शिंपल्यांच्या काचा, एक बाई फरशी पुसत होती. दाजी बाकावर बसले आणि म्हणाले, "हे पोर संत नाही?"

नाही. आणि नागासाकीतला आहे. तिथल्या सव्वीसांत लुईस इबाराकी नावाचा बारा वर्षांचा जपानी मुलगा होता. त्याला १८६२ ला गोन्सालोबरोबरच संत केलं, आणि १९६२ साली निशिझाकाच्या टेकडीवर सव्वीस कांस्यमूर्तींचं स्मारक झालं त्यात तोही उभा आहे, सगळ्यांत बुटका. मडगावच्या पोराचा प्रस्तावही पुढे गेला नाही. का गेला नाही, ते समजायचं तर आधी कुंकळ्ळीत काय झालं ते नीट सांगायला हवं.

गोव्यातले सासष्टी आणि बारदेश हे मुलूख १५४३ ला पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. १५६७ मध्ये रायतूरच्या कप्तानाने सासष्टीतली शेकडो देवळं पाडली. कुंकळ्ळी, वेरोडा, असोळणा, वेळ्ळी, आंबेली ही दक्षिणेची गावं मात्र वाकेनात. कर बुडवायचे, पाडलेलं देऊळ पुन्हा उभं करायचे. त्यांच्यावर फौजा गेल्या. या फौजांबरोबर पाद्री होते, आणि हे चर्चच्याच लिखाणात आहे, विरोधकांच्या नाही. पाशेको दोन स्वाऱ्यांत गेला होता, देवळं पाडण्यात त्याचा हात होता. पिएत्रो बेर्नोने लोक पवित्र मानत ते वारूळ मोडलं. रक्त सांडल्याशिवाय कुंकळ्ळीत पीक येणार नाही, असं तो म्हणत असे. रूदोल्फ आक्वाविवा या तिघांत वेगळा. जेझुइट संघाच्या मुख्याधिकाऱ्याचा पुतण्या. १५८० ते १५८३ फतेहपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात होता. अकबर ऐकून सगळं घ्यायचा, बाप्तिस्मा मात्र घेईना. रूदोल्फ परत आला आणि सासष्टीच्या जेझुइटांचा प्रमुख झाला. दोनच महिन्यांत मेला.

१५ जुलै १५८३, आजच्या दिनगणनेने २५ जुलै. ओर्लीच्या चर्चमध्ये सगळे जमले आणि कुंकळ्ळीला निघाले. क्रूस उभारायचा, चर्चसाठी जागा बघायची. हे तिघे धरून पाच जेझुइट, गोन्सालो रॉद्रिगीश नावाचा एक पोर्तुगीज, आणि इथलेच ख्रिस्ती. गावाने आधी सभा घेतली, मग हत्यारं घेऊन आले. पोर्तुगीजाने बंदूक उचलली तेव्हा पाशेकोने त्याला थांबवलं, आपण लढायला आलो नाही म्हणाला. मग लोकांकडे वळून कोंकणीत म्हणाला, भिऊ नका. पाचही मारले गेले, रॉद्रिगीश गेला, आणि चौदा स्थानिक ख्रिस्ती गेले. प्रेतं विहिरीत टाकली.

दुपारी बसने असोळण्याला गेलो. साळ नदी भरून वाहत होती, पाणी चहासारखं. इथे पोर्तुगीजांचा कोट होता. हत्याकांडानंतर तिथल्या कप्तानाने कुंकळ्ळी आणि आसपासच्या गावांच्या गावकरांना, म्हणजे मूळ घराण्यांच्या प्रमुखांना, बोलणी करायला बोलावलं. सोळा गेले. पंधरांना आत मारलं. खटला नाही, चौकशी नाही. सोळावा शौचकूपाच्या भोकातून नदीत उतरला आणि पोहत कारवारकडे निसटला, अशी हकीकत सगळीकडे सांगतात.

कोटाचं आता दाखवण्यासारखं फारसं नाही. आम्ही नदीकाठी छत्र्या धरून उभे राहिलो. दाजी पाण्याकडे बघत म्हणाले, "एवढ्या ओढीत पोहला म्हणजे पट्टीचा." पोहायच्या चड्डीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मला तिथे एक गोष्ट जाणवली. कुंकळ्ळीत पाहुणे मारले गेले, असोळण्यात पाहुणे मारले गेले. दोन्हीकडचे लढायला गेले नव्हते. दोन्ही बाजूंच्या गोष्टी एवढ्या सारख्या असून चारशे वर्षं त्या एकमेकींच्या शेजारी बसत नव्हत्या, कारण एकीच्या हाती कागद होता आणि दुसरीच्या हाती फक्त गाव. बंडाच्या शिक्षेत जमिनीही गेल्या. असोळणा, वेळ्ळी, आंबेली जेझुइटांकडे गेली, आणि कुंकळ्ळीच्या नावावर पुढे पोर्तुगालात एक सरदारकी निघाली, 'कोंदे द कुकुलीं'. तो सरदार कुठे, आणि कुंकळ्ळीचा भातखाचरात उभा राहणारा गावकर कुठे.

१५ जुलै, कुंकळ्ळी

आज गावात दोन कार्यक्रम असतील असं मला वाटत होतं. एकच होता. चर्चमध्ये त्या पाच जेझुइटांचा सण जुलैच्या शेवटाला असतो. आजचा दिवस गावकरांचा.

गावकरांच्या स्मारकाशी साडेनऊला गर्दी जमू लागली. २००३ साली ते उभं राहिलं. म्हणजे घटनेनंतर चारशे वीस वर्षांनी, आणि गोवा मुक्त होऊनही बेचाळीस वर्षांनी. पुष्पचक्रं, भाषणं, शाळेची मुलं भिजू नयेत म्हणून मांडवात दाटीवाटीने उभी. भाषणांत दोन शब्द परत परत येत होते. एक 'हुतात्मे', आणि दुसरा, वसाहतवादाविरुद्धचा आशियातला एक पहिला लढा. देव, देऊळ, वारूळ यांचा उल्लेख झाला, पण ओझरता. भर होता स्वातंत्र्यावर.

शेजारी एक आजोबा उभे होते, काळी छत्री, पांढरा शर्ट, गळ्यात बारीक क्रूस. कोंकणीत विचारलं, "तुमी खंयचे?" वसईचे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. मराठीत म्हणाले, "तुमचे चिमाजीअप्पा," आणि हसले. हे ख्रिस्ती गृहस्थ गावकरांच्या कार्यक्रमाला कसे, हे विचारायची मला लाज वाटली. त्यांनीच सांगितलं. कुंकळ्ळीत बारा वांगडं. वांगड म्हणजे गावकरांच्या मूळ घराण्यांचा गट, आपल्या भावकीसारखा. बहुतेक गाव पुढे ख्रिस्ती झालं, तरी वांगडं राहिली. चर्चच्या सणाचा खर्च आणि मानपानसुद्धा त्यांच्याकडे. "ज्यांनी पाद्री मारले ते आमचेच. असोळण्यात मेले तेही आमचेच. मग मी कुठे उभा राहू?"

मग ते आम्हाला हुतात्म्यांच्या चॅपेलकडे घेऊन गेले. ज्या विहिरीत प्रेतं टाकली तिचं पाणी पुढे आजार बरे करतं म्हणून सगळ्या गोव्यातून लोक न्यायला यायचे, असं जुन्या लिखाणात आहे. बाहेर पाऊस, आत मेणाचा वास. एक अष्टकोनी चौथरा आणि वर क्रूस अशीही एक खूण या गावात आहे, फ्रान्सिस्को आरान्हाची. तो पाद्री नव्हता, ब्रदर होता, आणि सासष्टीतली चर्चं बांधणारा वास्तुकार. पहिल्या घावात मेला नाही. शेतात पडून राहिला, दुसऱ्या दिवशी सापडला, त्याला मूर्तीपुढे नेऊन मान वाकव म्हणाले. वाकवली नाही. झाडाला बांधून बाणांनी मारला.

ही एकच घटना घेतली तर हुतात्म्याच्या जुन्या व्याख्येत अचूक बसते. विचारलं, नकार दिला, मारला. चर्चचे दोन मुख्य प्रश्न असतात. मारणाऱ्याने श्रद्धेच्या द्वेषापोटी मारलं का? आणि मेलेल्याने ते मरण श्रद्धेसाठी पत्करलं का? आरान्हापुरती दोन्ही उत्तरं होकारार्थी. पण पाशेकोचं काय? गावाने त्याला मारलं ते येशूच्या द्वेषाने, की आपलं देऊळ पाडणारा हाच म्हणून? देऊळ पाडणं हाही त्याच्या श्रद्धेचाच भाग, असं म्हणता येतं. आणि मग गावकरांचा रागही त्यांच्या श्रद्धेचाच भाग होता, असंही म्हणावं लागतं. प्रकरण १६०० साली सुरू झालं. हुतात्म्य सिद्ध झाल्याचा निर्णय चौदाव्या बेनेडिक्ट पोपने १७४१ ला दिला. १८९३ साली पाचांना 'धन्य' घोषित केलं. संत ते आजही नाहीत. संत होण्याच्या आदली पायरी आहे ही. गोन्सालोला ती पायरी १६२७ सालीच मिळाली होती, तीस वर्षांत. हिदेयोशीला कोणी देवळाबद्दल विचारणार नव्हतं.

गोन्सालो रॉद्रिगीश आणि चौदा स्थानिक, अशा बाकीच्या पंधरांचा प्रस्ताव या पाचांबरोबर गेलाच नाही. त्यांना वेदीवर जागा नाही. त्यांतल्या काहींची नावं आणि गोष्टी तेवढ्या राहिल्या आहेत. फ्रान्सिस रॉद्रिगीश चुका केल्या की पाद्री रागवायचे, तेव्हा म्हणायचा, रक्त सांडून मी भरपाई करीन. रायतूरचा पाऊल द कॉश्त. आणि दोमनिक.

दोमनिकची गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटलं होतं. हा कुंकळ्ळीचाच मुलगा. जेझुइटांच्या शाळेत शिकला, आणि पाद्र्यांना वाट दाखवत गावात आला, देवळं कुठे आहेत ते दाखवलं. म्हणजे ज्या देवळाच्या पायरीवर बसून लहानपणी त्याने नैवेद्याचा गूळ खाल्ला असेल, तेच बोट दाखवून. त्याला मारलं त्याच्या स्वतःच्या काकाने किंवा मामाने. चर्चच्या इंग्रजी लिखाणात 'अंकल' एवढंच आहे.

आजोबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ही गोष्ट मला ठाऊक आहे. एवढंच म्हणाले.

गावकरांच्या स्मारकावर दोमनिक नाही आणि चॅपेलच्या वेदीवरही नाही. सकाळच्या भाषणांत तो बसत नाही, कारण तो फितूर आहे. चर्चच्या चित्रात बसत नाही, कारण पाच पुरेसे आहेत. पण गावासाठी सगळ्यात अवघड मरण त्याचंच असणार. घरातलंच माणूस घरातल्याने मारलं.

संध्याकाळी खोलीवर दाजींनी हुतात्मा शब्दाचा विषय काढला. 'हुत' म्हणजे होमात टाकलेलं. हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. 'शहीद' अरबी, त्याचा अर्थ साक्षीदार. युरोपातला 'मार्टर' ग्रीकमधून आला, त्याचाही अर्थ साक्षीदारच. कोंकणी ख्रिस्ती तोच शब्द 'मार्तीर' म्हणून वापरतात. म्हणजे एकीकडे मरणारा देवाबद्दल साक्ष देतो, दुसरीकडे देवाला जीव देतो. मग दाजी म्हणाले, "आणि संभाजी महाराज? आपल्याकडे धर्मवीर म्हणायचं की स्वराज्यरक्षक, यावर विधानसभेपर्यंत भांडणं झाली." खरंच. आणि योगायोग असा की कुंकळ्ळीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १६८३ च्या डिसेंबरात, संभाजी महाराजांचं सैन्य याच सासष्टीत उतरलं होतं. नाव काय द्यायचं यावर भांडतात ते बहुधा मेलेल्यासाठी नसतं, आजच्या गावातल्या मानासाठी असतं. दाजींनी यावर पंखा वाढवला आणि झोपले.

१६ जुलै, फातर्पे

जुन्या गोव्याला जायचं रद्द केलं. पाचांचे अवशेष आधी रायतूरला, मग १५९७ पासून सेंट पॉल कॉलेजात, आणि १८६२ पासून से कॅथेड्रलमध्ये आहेत. मधेच हाडं वाटून गेली. आक्वाविवाचा उजवा हात १६०० ला रोमला, डावा नेपल्सच्या कॉलेजला भेट. पाशेकोच्या घरच्यांनी मागितलं म्हणून त्याचा एक हात आणि एक पाय १६०९ ला युरोपात पाठवला. बॉडी कुठे आणि हात कुठे, हे ऐकून दाजींना गरगरलं. त्यांनी फातर्प्याला जायचं ठरवलं, मी हो म्हटलं.

फातर्प्याची शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण. नावातच गाव सोबत घेऊन आलेली. देऊळ पाडल्यावर देवी इकडे आणली, कारण इकडचा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांचा नव्हता, आदिलशहाचा होता. हिंदू देवीला आसरा मुसलमान सुलतानाच्या हद्दीत मिळाला, हे कोणाच्याही भाषणात बसत नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवतो.

देऊळ पावसात स्वच्छ धुतलेलं, दीपमाळेवर शेवाळ. प्रसादात साखरफुटाणे. गाभाऱ्यात गर्दी नव्हती. आता ओळखीचे झालेले आजोबाही आमच्याबरोबर बसने आले होते, पायातल्या चपला बाहेर काढून सरळ आत. पुजाऱ्यांनी त्यांना नावाने हाक मारली.

फाल्गुनात देवी इथून कुंकळ्ळीला जाते. सोंत्र्यो म्हणतात त्या उत्सवाला. पालखीपुढे बारा रंगीत छत्र्या नाचवतात, एका वांगडाची एक. गुलाल एवढा की दोन दिवस रस्ता लाल. आजोबा हाताने दाखवत होते, छत्री कशी फिरवायची, मधेच मनगट कसं सैल सोडायचं. म्हणाले, नुसती धरली तर भिजते, फिरवली तर देवी बघते. ते ख्रिस्ती आहेत आणि छत्रीच्या गोष्टीत रमलेले. मला वाटतं हुतात्म्यांची खरी आठवण या छत्रीत आहे, चौथऱ्यावर नाही. चौथरा २००३ चा. कोटात मेलेल्यांची नावं त्यावर असोत नसोत, देवी मात्र वर्षातून एकदा आपल्या जुन्या जागेला परत जाते. कोणी पाडलं ते न बोलता, फक्त चालून.

पण मी इथे थोडं थांबतो, कारण हे फार गोड होतंय. छत्रीतही सगळे मावत नाहीत. बारा वांगडांपलीकडच्यांना छत्री नाही. गावात नंतर आलेल्यांना, इतर जातींना, मग ते हिंदू असोत की ख्रिस्ती. चर्चच्या सणातही तेच, तो वाद गावात जुनाच आहे. आठवण ज्याच्या हाती, मानही त्याच्या हाती.

बसची वाट बघताना पाऊस पुन्हा कोसळला. थांब्याला पत्रा होता, पण वाऱ्याने आत येत होतं. आजोबांची काळी छत्री आम्ही तिघांनी मिळून धरली, आणि दाजींनी अर्थातच निम्मी स्वतःकडे ओढली. मी पुन्हा दोमनिकचं काढलं. म्हटलं, इंग्रजीत अंकल आहे. काका असेल तर पोर आणि मारणारा एकाच वांगडाचे. मामा असेल तर दुसऱ्या. मग मारणारा घराबाहेरचा ठरतो, निदान कागदावर. गावात कोणाला ठाऊक आहे का, काका की मामा?

आजोबा बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. बस वळणावर दिसली तेव्हा छत्री मिटवत म्हणाले, "बारांपैकी एका छत्रीखाली तो होताच. कुठली ते विचारायचं नसतं. विचारलंत तर पुढच्या फाल्गुनात ती उचलायला कोणी येणार नाही."

बसमध्ये चढताना त्यांनी दाजींना हात दिला.